व्होल्टेज बरोबर, तरी व्हार पळतात: दोन जनरेटर, एक बस आणि ड्रूपचा हिशेब

प्रश्न: सर, आमच्या साखर कारखान्यात 15 मेगावॉटचे दोन टर्बो जनरेटर एकाच 11 केव्ही बसवर आहेत. ग्रिडसोबत दोन्ही नीट चालतात. ग्रिड गेली आणि आयलँडवर आलो की बस व्होल्टेज 11 केव्ही, मेगावॉट 8-8 सारखे, पण एक नंबर 15 मेगावार लॅगिंग देतं आणि दोन नंबर 3 मेगावार लीडिंगला जातं. ऑफ सीझनला दोन नंबरचा जुना एव्हीआर काढून डिजिटल बसवलाय. दोष नव्या एव्हीआरचा आहे का?

उत्तर: नवा एव्हीआर बिघडलेला असण्याची शक्यता मला फार कमी वाटते. बहुधा त्याच्या सेटिंगमध्ये ड्रूप शून्य राहिलाय आणि तो आपलं व्होल्टेज धरण्याचं काम नको तितकं चोख करतोय. पण हे गृहीत धरून लगेच पॅरामीटर बदलू नका. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून दोन-तीन वेगवेगळी कारणं संभवतात. ती वेगळी कशी ओळखायची हे खाली सांगतो.

आधी मशीनच्या आत काय चाललंय ते बघू. तुमचे जनरेटर ब्रशलेस असतील असं धरतो, कारण या आकाराचे कारखान्यांतले बहुतेक संच तसेच असतात. शाफ्टच्या टोकाला छोटा पीएमजी असतो. तो एव्हीआरला वीज पुरवतो. एव्हीआर काही अँपिअरचा डीसी करंट एक्साइटरच्या स्थिर फील्डला देतो. एक्साइटरच्या फिरत्या वाइंडिंगमध्ये एसी तयार होते, शाफ्टवर बसवलेले डायोड तिची डीसी करतात आणि ती मुख्य रोटरला मिळते. म्हणजे पॅनलवर जो एक्साइटर करंट दिसतो तो काही अँपिअरचाच असतो, पण त्याच्या पाठीमागे रोटरमध्ये शेकडो अँपिअर वाहत असतात. ब्रशलेस मशीनमध्ये रोटरचा करंट थेट मोजता येत नाही. एक्साइटर करंटचा मीटर हीच आपली एकमेव खिडकी. पुढचं सगळं वाचताना ती लक्षात ठेवा.

एव्हीआर पीटीमधून टर्मिनल व्होल्टेज बघतो, सेट पॉइंटशी ताडतो, कमी असेल तर फील्ड वाढवतो, जास्त असेल तर उतरवतो. मशीन एकटंच लोड ओढत असेल तर फील्ड वाढवल्यावर व्होल्टेज वाढतं आणि गोष्ट तिथंच संपते. लोडला जितके व्हार हवेत तितके ते मशीन देतं, त्यात एव्हीआरला काही ठरवायचं नसतं.

दुसरं मशीन त्याच बसवर आलं की चित्र बदलतं. आता एकाचं फील्ड वाढवलं तरी बस व्होल्टेज फारसं वाढत नाही, कारण दुसऱ्याचा एव्हीआर लगेच आपलं फील्ड कमी करून ते खाली आणतो. व्होल्टेज जागेवर राहतं आणि व्हार इकडून तिकडे सरकतात. ग्रिडसोबत असताना हेच जास्त ठळक दिसतं. 31 डिसेंबर 2013 ला सोलापूर-रायचूर ही 765 केव्हीची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाशी एका फ्रिक्वेन्सीत बांधली गेली. एवढ्या मोठ्या ग्रिडपुढे आपलं 15 मेगावॉटचं मशीन फील्ड वाढवून व्होल्टेज किती हलवणार? ते फक्त व्हार देतं किंवा घेतं.

तेव्हा बसवर व्होल्टेज एकच आहे आणि ते धरायला दोघं बसलेत. दोघांचे सेट पॉइंट कागदावर 11.00 केव्ही असले तरी दोघांना दिसणारं व्होल्टेज तंतोतंत सारखं कधीच नसतं. पीटी वेगळे, त्यांची चूक वेगळी. 0.5 क्लासच्या पीटीला अर्धा टक्का चूक चालते, म्हणजे 11 केव्हीवर 55 व्होल्ट. समजा एकाला बस 10.98 दिसते आणि दुसऱ्याला 11.02. पहिला म्हणतो व्होल्टेज कमी आहे, फील्ड वाढवा. दुसरा म्हणतो जास्त आहे, उतरवा. आधुनिक एव्हीआरमध्ये इंटिग्रल क्रिया असते, चूक शून्य होईपर्यंत तो थांबत नाही. इथं दोघांची चूक एकाच वेळी शून्य होणं शक्यच नाही. मग पहिला वाढवत जातो, दुसरा उतरवत जातो आणि कुणीतरी लिमिटला टेकेपर्यंत हे चालतं. या सगळ्या काळात कंट्रोल रूममधला व्होल्टमीटर मात्र शांतपणे 11 दाखवत असतो. म्हणूनच व्होल्टेज बरोबर आहे या एका गोष्टीवर समाधान मानू नये.

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. प्रत्येक एव्हीआरला सांगायचं की तू जितके व्हार देशील तितकं आपलं व्होल्टेज थोडं खाली येऊ दे. हाच ड्रूप, म्हणजे पॅनलवर क्वाड्रेचर ड्रूप लिहिलेलं असतं तोच. मेगावॉट वाटून घ्यायला गव्हर्नर जसा स्पीडचा ड्रूप वापरतो, तसा मेगावार वाटायला एव्हीआर व्होल्टेजचा ड्रूप वापरतो. तुमचे मेगावॉट 8-8 सारखे आहेत याचा अर्थ गव्हर्नरांचं बरोबर चाललंय, त्यांना हात लावायचं कारण नाही.

ड्रूप किती टक्के हे बहुतेक ठिकाणी पूर्ण केव्हीए शुद्ध लॅगिंग व्हार म्हणून दिले तर व्होल्टेज किती पडेल असं सांगितलं जातं. तुमचं मशीन 0.8 पॉवर फॅक्टरचं असेल तर त्याचं रेटिंग 18.75 एमव्हीए. ड्रूप 4 टक्के ठेवला तर 18.75 मेगावारला 440 व्होल्ट पडतील, 6 मेगावारला साधारण 141 व्होल्ट. दोन मशीनच्या सेटिंगमध्ये किंवा पीटीत ΔV इतका फरक असेल, दोघांचं रेटिंग S आणि ड्रूप D सारखे असतील, तर त्यांच्या व्हारमधला फरक असा येतो:

```
ΔQ = S × ΔV ÷ D
```

ΔV आणि D दोन्ही टक्क्यांत घ्या. तुमच्या आयलँडचं एकूण व्हार लोड 15 वजा 3, म्हणजे 12 मेगावार आहे. अर्धा टक्का फरक आणि 4 टक्के ड्रूप धरला तर ΔQ येतो 2.3 मेगावार, म्हणजे एक मशीन 7.2 वर आणि दुसरं 4.8 वर. हे चालण्यासारखं आहे. ड्रूप 1 टक्का ठेवला तर तोच अर्धा टक्का 9.4 मेगावारचा फरक पाडतो, वाटणी 10.7 आणि 1.3. ड्रूप शून्य केला तर भागाकारच उरत नाही, वाटणी ठरवणारं काहीच राहत नाही. उलट दहा टक्के ठेवला तर वाटणी सुरेख होईल, पण 6-6 मेगावारलाच बस 3.2 टक्क्यांनी खाली बसेल. मी स्वतः 4 टक्क्यांच्या आसपास ठेवतो. पीटी नवे आणि चांगले असतील तर 3 टक्केही पुरतो.

आता तुमच्या आकड्यांकडे येऊ. 15 आणि उणे 3 हे तुम्ही ठाम आकडे दिलेत. ते तिथं स्थिर राहत असतील तर ती मोठी खूण आहे. दोन्ही एव्हीआर शून्य ड्रूपवर असते तर आकडे सरकत राहिले असते. स्थिर राहायला दोन कारणं असू शकतात.

पहिलं असं. एक नंबरच्या जुन्या एव्हीआरला 4 टक्के ड्रूप आहे आणि दोन नंबरच्या नव्याला शून्य. मग बसचं व्होल्टेज दोन नंबर ठरवतो, 11.00 म्हणजे 11.00. एक नंबरचा सेट पॉइंट ग्रिडवर असताना वर राहिला असेल, समजा 11.35 च्या आसपास, तर बस आणि सेट पॉइंट यांतल्या साडेतीनशे व्होल्टच्या फरकाला त्याचा ड्रूप 15 मेगावार देऊनच उत्तर देतो. 352 व्होल्ट म्हणजे 3.2 टक्के, आणि 4 टक्के ड्रूपवर 3.2 टक्के म्हणजे बरोबर 15 मेगावार. उरलेले दोन नंबरने भरायचे, ते उणे 3.

हा सेट पॉइंट वर कसा राहतो तेही समजून घ्या. ग्रिडसोबत असताना कारखाने पॉवर फॅक्टर मोडवर चालवतात. त्या मोडमध्ये एक बाहेरचा संथ लूप एव्हीआरचा सेट पॉइंट सतत वर-खाली करून पॉवर फॅक्टर धरत असतो. ग्रिडचं व्होल्टेज त्या वेळी चढं असेल तर सेट पॉइंटही वर गेलेला असतो. ग्रिड ब्रेकर उघडला की मोड बदलतो, पण सेट पॉइंट जिथं होता तिथूनच पुढचा प्रवास सुरू होतो.

दुसरं कारण असं की दोन्हीकडे ड्रूप नाही आणि एक नंबर वर पळता पळता लिमिटला टेकलंय. हे मला उगाच सुचलेलं नाही. तुमचा 15 हा आकडा नेमका रोटरच्या मर्यादेवर येतो, म्हणून सांगतो. या मशीनचा सिंक्रोनस रिअॅक्टन्स 200 टक्के धरून, सॅच्युरेशन सोडून हिशेब केला, तर नो-लोड फील्डच्या तुलनेत पूर्ण लोडला 0.8 पॉवर फॅक्टरवर 2.72 पट फील्ड लागतं. 8 मेगावॉट आणि 15 मेगावारला लागतं 2.74 पट. म्हणजे रोटर पूर्ण रेटिंगच्या किंचित वरच आहे. आणि स्टेटर? 17 एमव्हीए, म्हणजे 892 अँपिअर, रेटेड 984 च्या खाली. शिफ्टमधला माणूस अँपिअर बघतो, जागा आहे असं समजतो आणि रोटर तापत राहतो. 8-8 मेगावॉट आणि 6-6 मेगावार असते तर प्रत्येकी 525 अँपिअर आणि फील्ड 1.85 पट, म्हणजे दोघांनाही ऐसपैस. आता समान वाटणीपेक्षा 9 मेगावार एका मशीनमधून निघून दुसऱ्यात शिरतायत, 472 अँपिअरचा हा फेरा मिलला काडीइतकाही उपयोगी नाही.

दोन नंबरची अवस्था वेगळ्या अर्थाने वाईट आहे. त्याचं फील्ड 1.09 पटीवर आलंय आणि रोटर अँगल समान वाटणीला जो 27 अंशांच्या आसपास असता तो 51 वर गेलाय. अजून थोडं लीडिंगला गेलं तर फील्ड फेल्युअर रिले, म्हणजे 40 नंबरचा, त्याला बाहेर काढेल. तसं झालं तर उरलेल्या 15 मेगावॉटच्या मशीनवर 16 मेगावॉट पडतील. लोड शेडिंग वेळेत चाललं नाही तर पूर्ण कारखाना अंधारात.

या दोन कारणांत फरक करायची चाचणी सोपी आहे आणि ती आयलँडवर असतानाच, लोड शांत असताना करता येते. एक नंबरचा सेट पॉइंट अगदी हळू उतरवा, एका वेळी पाव टक्का, म्हणजे 27-28 व्होल्ट. पहिलं कारण खरं असेल तर प्रत्येक पायरीला एक नंबरचे मेगावार साधारण 1.2 ने उतरतील, तितकेच दोन नंबरचे वर येतील आणि बस 11 वर स्थिर राहील. एकूण 1.9 टक्के, म्हणजे 211 व्होल्ट उतरवल्यावर दोघं 6-6 वर येतील. दुसरं कारण असेल तर सुरुवातीला काहीच हलणार नाही, कारण मशीन लिमिटरच्या ताब्यात आहे. मग एका पायरीला अचानक व्हार उलट्या दिशेने धावू लागतील, एक नंबर रिकामं होईल आणि दोन नंबर वर चढेल. तसं दिसलं की लगेच तीच पायरी परत वर द्या आणि तिथं थांबा. ही चाचणी करताना एक माणूस एक्साइटर करंटच्या मीटरसमोर आणि एक मेगावारसमोर हवा. एकट्याने करू नका.

त्याआधी एक तपासणी मात्र विसरू नका. आयलँड झाल्यावर दोन्ही एव्हीआर खरोखर व्होल्टेज मोडवर आले का? हे काम ग्रिड ब्रेकरचा ऑक्झिलरी काँटॅक्ट करतो. नवा एव्हीआर बसवताना ती वायर जोडायची राहून जाते, असं मी दोनदा पाहिलंय. आयलँडवर पॉवर फॅक्टर लोड ठरवतं, मशीन नाही. एक मशीन 0.98 च्या पॉवर फॅक्टर मोडवर अडकून राहिलं तर ते 8 मेगावॉटला 1.6 मेगावारच देईल आणि उरलेले 10.4 दुसऱ्यावर पडतील. याची खूण अशी की अडकलेल्या मशीनचे मेगावार त्याच्या मेगावॉटच्या मागे मागे चालतात, मेगावॉट वाढवले की मेगावारही तेवढ्याच प्रमाणात वाढतात. तुमचं दोन नंबर लीडिंगला आहे, तेव्हा हे कारण मला कमी संभवनीय वाटतं, पण काँटॅक्ट मल्टिमीटरने बघून घ्या. दोन्ही मशीन त्या मोडवर राहिली तर व्होल्टेज धरणारं कुणीच नसतं आणि ते कुठल्याही दिशेला जाऊ शकतं.

समजा पहिलं कारणच निघालं. मग नव्या एव्हीआरमध्ये 4 टक्के घालायचे आणि काम संपलं, असं नाही. ड्रूपची दिशा बरोबर आहे याची खात्री केल्याशिवाय आयलँडवर जायचं नाही. का ते एका अनुभवातून सांगतो.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्याच एका कारखान्यात ऑफ सीझनला सीटी टेस्टिंग झालं. टेस्ट झाल्यावर एव्हीआरकडे जाणाऱ्या सीटीच्या दोन वायरी उलट्या लागल्या. मोळी पडली, गाळप सुरू झालं, दोन्ही मशीन ग्रिडसोबत पॉवर फॅक्टर मोडवर आठवडे चालली, कुणाला काही कळलं नाही. कळणार कसं? तो बाहेरचा लूप ड्रूपची चूक झाकून टाकतो, पॉवर फॅक्टर बिघडला की सेट पॉइंट हलवून पुन्हा जागेवर आणतो. डिसेंबरमधल्या एका रात्री ग्रिड गेली. काही सेकंदांत एका मशीनचे व्हार वर आणि दुसऱ्याचे खाली धावले, खाली गेलेलं फील्ड फेल्युअरवर ट्रिप झालं आणि त्यामागोमाग दुसरं अंडर फ्रिक्वेन्सीवर. गव्हाणीत ऊस, पॅनमध्ये अर्धवट शिजलेला रस, यार्डात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग. मला सकाळी बोलावलं. सगळ्यांचा संशय एव्हीआर कार्डावर होता आणि सुटं कार्ड मागवायची तयारीही झाली होती. सीटीच्या वायरी टर्मिनलवर अदलाबदल केल्या, चाचणी घेतली, दुपारी गाळप सुरू झालं. त्या रात्री थंडीत उसाच्या गाड्यांवर बसून राहिलेल्या माणसांचे चेहरे मी विसरलेलो नाही. दहा मिनिटांची चाचणी हंगामाआधी झाली असती तर ती रात्र टळली असती.

जुन्या एव्हीआरमध्ये हे कसं जोडलेलं असतं ते कळलं की चूक कशी होते तेही कळतं. एका फेजचा सीटी घेतात आणि उरलेल्या दोन फेजमधलं पीटी व्होल्टेज घेतात. उदाहरणार्थ आर फेजचा करंट आणि वाय-बी मधलं व्होल्टेज. वाय-बी व्होल्टेज आर फेजच्या व्होल्टेजच्या 90 अंश मागे असतं. करंट युनिटी पॉवर फॅक्टरचा असेल तर तो या व्होल्टेजला काटकोनात पडतो आणि बेरजेवर जवळपास काही परिणाम होत नाही. करंट शुद्ध लॅगिंग असेल तर तो नेमका त्याच दिशेने येतो, बेरीज वाढते, एव्हीआरला व्होल्टेज खरं आहे त्यापेक्षा जास्त दिसतं आणि तो फील्ड उतरवतो. हाच ड्रूप. सीटीच्या वायरी उलट लागल्या तर बेरजेची वजाबाकी होते, व्हार देणाऱ्याला आणखी व्हार द्यावेसे वाटतात आणि मशीन एकमेकांपासून दूर पळतात. सीटी चुकीच्या फेजला लागला तर व्हारऐवजी मेगावॉट वाढवल्यावर व्होल्टेज हलतं.

डिजिटल एव्हीआर व्हार स्वतः मोजतो, त्यात काटकोनाची ही जुळवाजुळव नसते, पण सीटी आणि पीटीचा फेज क्रम त्यालाही बरोबरच लागतो. त्यात आणखी एक सापळा आहे. काही बनावटींत अधिक चिन्ह म्हणजे ड्रूप, काहींत अधिक म्हणजे उलट, व्होल्टेज वाढवणारं कॉम्पेन्सेशन. मॅन्युअल उघडून चिन्हाची व्याख्या वाचा आणि तरीही चाचणी घ्या.

चाचणी ग्रिडसोबत घ्यायची, एका वेळी एक मशीन. पॉवर फॅक्टर मोड बंद करून व्होल्टेज मोड घ्या, नाहीतर तो बाहेरचा लूप इथंही निकाल झाकेल. मेगावॉट 3 च्या आसपास ठेवा. फील्ड वाढवून 3 मेगावार लॅगिंग करा. आता ड्रूप शून्यावरून अर्ध्या टक्क्यावर न्या. मेगावार कमी झाले तर दिशा बरोबर, मग हळूहळू 4 पर्यंत जा. वाढले तर दिशा उलटी, लगेच शून्यावर परत या. नंतर मेगावार शून्याजवळ ठेवून मेगावॉट 3 वरून 6 करा. मेगावार फारसे हलले नाहीत तर फेज बरोबर आहे. 4 टक्क्यांवर सेट पॉइंट 1 टक्का वाढवल्यावर मेगावार हिशेबाने 4.7 वाढायला हवेत, पण ग्रिडकडचा ट्रान्सफॉर्मर आणि लाइन यांचा इम्पीडन्सही त्यात भर घालतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी वाढतील. ते चुकीचं नाही.

दोघांना 4-4 टक्के दिल्यावर आयलँडवर काय दिसेल तेही आधीच सांगून ठेवतो, म्हणजे शिफ्टमध्ये घबराट नको. नो-लोडला दोघांचा सेट पॉइंट 11.14 केव्ही ठेवला तर 12 मेगावार लोडला बस बरोबर 11.00 वर येईल. लोड 18 मेगावार झालं तर 10.93 आणि 4 मेगावारला उतरलं तर 11.09. पूर्वी काटा एका जागी खिळलेला असायचा, आता तो लोडप्रमाणे थोडा हलेल. हे हलणंच दोघांना वाटणी कळवतं. व्होल्टेज परत 11 ला आणायचं असेल तर दोन्ही सेट पॉइंट बरोबरीने हलवा. एकच हलवला तर व्होल्टेज निम्मंच सुधारेल आणि व्हार पुन्हा एका बाजूला झुकतील. ही सूचना पॅनलवर चिकटवून ठेवा, कारण सवयीने हात एकाच बटणाकडे जातो.

काही जण तुम्हाला क्रॉस करंट कॉम्पेन्सेशन सुचवतील. त्यात दोन्ही मशीनच्या सीटी वायरी एका लूपमध्ये जोडतात आणि एव्हीआरला फक्त दोघांमधला फरक दिसतो, त्यामुळे व्होल्टेज न पडता वाटणी होते. कल्पना चांगली आहे, पण तुमच्याकडे एक एव्हीआर जुना आणि एक डिजिटल, दोघांचे सीटी इनपुट वेगळे. शिवाय एक मशीन बंद असताना त्याची बाजू शॉर्ट करावी लागते आणि ग्रिडसोबत ही पद्धत चालत नाही, कारण ग्रिडचा सीटी त्या लूपमध्ये नसतो. दोन्ही एव्हीआर एकाच बनावटीचे होईपर्यंत मी ड्रूपवरच राहीन.

एक गैरसमज इथंच दूर करतो, कारण मोठ्या पॉवर स्टेशनमधून आलेले मित्र सांगतात की आमच्याकडे ड्रूप शून्य असतो, उलट थोडं कॉम्पेन्सेशन असतं. ते खरं आहे आणि त्यांच्याकडे ते बरोबरही आहे. आपल्या सोलापूरजवळच्या फताटेवाडीच्या एनटीपीसी प्रकल्पात 660 मेगावॉटचे दोन संच आहेत. एवढ्या मोठ्या प्रत्येक संचाला स्वतःचा जनरेटर ट्रान्सफॉर्मर असतो आणि मशीन त्याच्या पलीकडच्या, वरच्या व्होल्टेजच्या बसवर एकमेकांना भेटतात. मधल्या ट्रान्सफॉर्मरचा 10 ते 15 टक्के इम्पीडन्स हाच त्यांचा ड्रूप, तो जन्मजात मिळालेला. तुमची मशीन मध्ये काहीही नसताना थेट एका बसबारवर बसलीत. त्यांचं सेटिंग तुमच्याकडे आणलं की आज दिसतंय तेच होतं.

शेवटी फिरत्या डायोडविषयी. एक डायोड ओपन झाला तरी मशीन चालू राहतं आणि व्होल्टेजही धरतं, कारण एव्हीआर जास्त एक्साइटर करंट देऊन भरपाई करतो. तेव्हा वाटणी 6-6 झाल्यावर दोन्ही मशीनचे एक्साइटर करंट शेजारी शेजारी लिहा. दोघांचं मेगावॉट, मेगावार आणि व्होल्टेज सारखं असेल, मशीन एकाच बनावटीची असतील आणि तरी एकाचा एक्साइटर करंट ठळकपणे जास्त असेल, तर पुढच्या थांब्याला त्याचे डायोड मोजून बघा. आणि एक नंबर किती तास 15 मेगावारवर चाललं ते लॉगशीटमधून काढा. ते जास्त निघालं तर हंगाम संपल्यावर त्याच्या रोटरचं इन्सुलेशन रेझिस्टन्स आणि वाइंडिंग रेझिस्टन्स मोजून जुन्या आकड्यांशी ताडून घ्या.

चाचणीत पाव टक्क्याच्या पायऱ्यांना मेगावार कसे हलले ते मला कळवा, चार-पाच पायऱ्यांचे आकडे पुरतील. त्यावरून जुन्या एव्हीआरचा ड्रूप पॉटवर लिहिलेला खरा आहे की घसरलाय, तेही काढून देतो.